सिग्नलला इंजिन का बंद होत नाही?

गेल्या एप्रिलमध्ये ताईने फोन केला. तिची पेट्रोल गाडी पाच वर्षांची. पूर्वी सिग्नलला थांबली की इंजिन आपोआप बंद व्हायचं, ब्रेकवरचा पाय उचलला की पुन्हा सुरू व्हायचं. आता ते होईना, आणि समोरच्या पॅनेलवर गोल बाणातल्या ‘ए’ अक्षरावर आडवी रेघ दिसत होती. बटण दाबून तिने काही बंद केलेलं नव्हतं. गाडीनेच आपणहून नकार दिला होता.

त्या चिन्हामागे गाडीचा साधा हिशेब असतो. इंजिन बंद करण्याआधी ती दोन प्रश्न विचारते. बंद केलं तर पुन्हा नक्की सुरू होईल का? आणि तेवढ्या वेळात आतल्या माणसांना त्रास होणार नाही ना? यातलं एक उत्तर जरी ‘नाही’ आलं, तरी इंजिन चालू राहतं. ताईच्या बाबतीत नेमकं कोणतं उत्तर ‘नाही’ येत होतं, हे आम्हाला शोधायचं होतं.

एप्रिलमध्ये संशय आधी एसीवर जातो, आणि तो रास्त असतो. बहुतेक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन थांबलं की कॉम्प्रेसरही थांबतो, फक्त ब्लोअर चालू राहतो. मग थोड्या वेळात जाळीतून कोमट हवा येऊ लागते. उन्हात तापलेल्या गाडीत तुम्ही तापमान सगळ्यात कमी आणि पंखा सगळ्यात जोरात ठेवला असेल, तर आतली गरमी आणि तुम्ही मागितलेला गारवा यांत बरंच अंतर असतं. ते कमी होईपर्यंत गाडी इंजिन बंद करत नाही. शिवाय जोरात चालणारा ब्लोअर बॅटरीतूनच वीज खातो. समोरच्या काचेवरची वाफ घालवायचं बटण दाबल्यावरही असंच होतं, कारण तिथे काच स्वच्छ राहणं महत्त्वाचं. यात बिघाड काहीच नाही.

ताईला सांगितलं, सकाळी ऊन चढण्याआधी एसी पूर्ण बंद ठेव, पंधरा-वीस मिनिटं चालव, इंजिन नीट गरम होऊ दे आणि मग सिग्नलला बघ. सीटबेल्ट लावलेला आणि दार नीट बंद हवं, नाहीतर त्यामुळेही यंत्रणा थांबते. तिने चार दिवस करून पाहिलं. रेघ तशीच. म्हणजे एसी निर्दोष होता.

उरली बॅटरी. अशा बहुतेक गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर, काळ्या वायरच्या क्लॅम्पलाच, एक छोटा सेन्सर असतो. किती वीज आत गेली, किती बाहेर आली, बॅटरी किती गरम आहे, याची नोंद तो ठेवतो. सेल्फ मारताना बॅटरीला क्षणभरात शेकडो अँपिअर द्यावे लागतात. गर्दीच्या वेळी असे डझनभर सेल्फ एकाच फेरीत होऊ शकतात. साठा ठरावीक पातळीखाली गेला, की गाडी आणखी जोखीम घेत नाही. म्हणूनच हे चिन्ह पुष्कळदा बॅटरी सेल्फ मारायला कुरकुरू लागण्याच्या कितीतरी आधी दिसतं.

रात्रभर उभ्या गाडीचं बोनेट उघडून सकाळी मल्टिमीटर लावला, तर आकडा आला १२.३. भरलेली बॅटरी साधारण १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.३ म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त. ताईचं घर ते शाळा अंतर चार किलोमीटर. एवढ्याशा फेरीत सेल्फला खर्च झालेली वीजही धड भरून निघत नाही, तर साठा वाढणार कुठून? मग चार्जर लावला. लाल चिमटा बॅटरीच्या धन टोकाला, पण काळा टोकाला नाही, बॉडीच्या उघड्या धातूला. थेट ऋण टोकाला लावला तर ती वीज सेन्सरला वळसा घालून जाते आणि गाडीला चार्जिंग झाल्याचं कळतच नाही.

दुसऱ्या दिवशी चिन्ह हिरवं झालं, सिग्नलला इंजिन थांबलं. आठवड्याने पुन्हा रेघ. नुसतं चार्जिंग कमी पडलं असतं तर लांबच्या फेरीने भागलं असतं, म्हणून रविवारी शंभर किलोमीटर गाडी नेली. तरी दोन दिवसांत तेच. गॅरेजमध्ये टेस्टर लावल्यावर कळलं, बॅटरीची सेल्फ मारायची ताकद लेबलवरच्या आकड्यापेक्षा बरीच उतरली होती. ती बदलली.

इथे एक चूक हमखास होते, आणि ती महागात पडते. दुकानदार त्याच मापाची साधी, स्वस्त बॅटरी पुढे करतो. ती बसते, गाडीही सुरू होते. पण वारंवार उतरणं-भरणं तिला सोसत नाही, आणि ती लवकर दगा देते. जुन्या बॅटरीवर ईएफबी लिहिलं असेल तर ईएफबी किंवा एजीएमच घ्या, एजीएम लिहिलं असेल तर एजीएमच. काही गाड्यांत नवी बॅटरी बसवल्याची नोंद स्कॅनरने संगणकात करावी लागते. पैसे देण्याआधी ती करून मिळेल का, हे विचारून घ्या.