फोनवर ठरलं, पण नेमकं काय?

ठाण्यातल्या एका पाच मजली सोसायटीची गच्ची गळते आहे, असं समजू. सर्वसाधारण सभेने वॉटरप्रूफिंगसाठी पाच लाखांपर्यंतचा खर्च मंजूर केला आहे. एप्रिल अर्धा सरला आहे. संध्याकाळी सचिव आणि खजिनदार फोन स्पीकरवर टाकून कंत्राटदाराशी बोलतात. चौरस फुटाला 130 रुपये, गच्ची 3000 चौरस फूट, म्हणजे 3 लाख 90 हजार, पाच वर्षांची गॅरंटी, सोमवारपासून काम. 'ठीक आहे' म्हणून तिघेही फोन ठेवतात.

खजिनदारांच्या डोक्यात 3 लाख 90 हजार हा एकूण खर्च आहे. कंत्राटदार त्यावर 18 टक्के जीएसटी धरून आहे, म्हणजे आणखी 70,200 आणि एकूण 4,60,200. जुना थर फोडून निघणारा राडारोडा कंत्राटदारच नेणार, असं सचिवांनी गृहीत धरलं आहे. त्याच्या हिशोबात मात्र टेम्पोचं भाडं सोसायटीचं. यात कोणी कोणाला फसवत नाही. बोलण्यात जे राहून जातं, ते प्रत्येक जण आपल्या सवयीने भरून घेतो, आणि फोन ठेवताना तिघांकडे तीन वेगवेगळे निर्णय असतात. हा फरक एरवी पहिलं बिल आल्यावर कळतो. तोवर गच्ची फोडून झालेली असते.

म्हणून त्याच संध्याकाळी, आठवण ताजी असताना, सचिवांनी असं काही लिहावं:

'आज सायंकाळी 7 वाजता सचिव, खजिनदार आणि कंत्राटदार यांचे फोनवर बोलणे झाले. ठरले ते असे: गच्चीचे वॉटरप्रूफिंग, 3000 चौ. फूट, दर 130 रु., रक्कम 3,90,000. जीएसटी 18 टक्के वेगळा, एकूण 4,60,200. कठड्याची आतली बाजू कामात धरली आहे. लिफ्टच्या खोलीचे छत धरलेले नाही. काम संपल्यावर गच्चीत 48 तास पाणी साठवून चाचणी घ्यायची, शेवटचा हप्ता त्यानंतर. राडारोडा कोणी न्यायचा हे ठरलेले नाही. यात काही वेगळे वाटत असेल तर उद्या रात्री 9 पर्यंत इथेच लिहावे. तोपर्यंत आगाऊ रक्कम दिली जाणार नाही.'

यातली दोन वाक्यं मला सर्वात मोलाची वाटतात: काय धरलेलं नाही, आणि काय ठरलेलं नाही. बहुतेक जण फक्त झालेल्या गोष्टी लिहितात आणि भांडण नेमकं न लिहिलेल्या जागेवरून होतं. खरं तर लिहायला बसल्यावरच जीएसटीचा प्रश्न सचिवांना सुचतो. मग कंत्राटदाराला पुन्हा फोन करावा लागतो, आणि तो त्याच संध्याकाळी केला तर कोणाला वाईटही वाटत नाही.

कंत्राटदार सोसायटीच्या ग्रुपमध्ये नसतो, हे मात्र सहज विसरलं जातं. ग्रुपवर वीस अंगठे आले तरी त्याची संमती त्यात नसते. त्यामुळे हाच मजकूर, एक शब्दही न बदलता, आधी त्याला पाठवावा, त्याचं 'बरोबर आहे' लेखी घ्यावं आणि मग कमिटीच्या ग्रुपवर टाकावा. तिथेही निळ्या खुणांवर विसंबू नये. निळी खूण फक्त संदेश उघडल्याचं सांगते. मजकूर मान्य आहे की नाही, हे तिच्यावरून कळत नाही. पैशाचा विषय असेल तर प्रत्येक सदस्याचं नाव घेऊन विचारावं: 'खजिनदारसाहेब, 4,60,200 बरोबर ना? जोशीकाका, लिफ्टच्या खोलीचं तुम्हाला चालेल?'

दुसऱ्या दिवशी कोणी चूक दाखवलीच तर जुना संदेश पुसू नये. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो, पण ज्यांनी तो आधी वाचला त्यांच्या लक्षात जुनाच आकडा राहतो. मूळ संदेशाला उत्तर देऊन त्याखाली 'दुरुस्ती: राडारोडा कंत्राटदार नेईल, वेगळे पैसे नाहीत' असं लिहिलं की काय बदललं आणि केव्हा, हे दोन्ही दिसतं. संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय त्या ग्रुपवर चालू नाही ना, हेही एकदा पाहून घ्यावं.

ग्रुपवरची ही नोंद म्हणजे सोसायटीचा ठराव नव्हे. सचिव आणि खजिनदार फोनवर सभेने दिलेल्या मर्यादेतच बोलू शकतात. कंत्राटदाराने 5 लाख 20 हजार सांगितले असते, तर संदेशात 'ठरले' हा शब्द येऊच शकला नसता. तिथे 'बोलणे झाले, मंजुरी बाकी' एवढंच लिहायचं आणि विषय पुन्हा सभेपुढे न्यायचा. मर्यादेत बसलेला निर्णयही कमिटीच्या पुढच्या बैठकीत वाचून, दुरुस्तीसह इतिवृत्ताच्या वहीत उतरवावा लागतो. कंत्राटदाराला द्यायचं कामाचं पत्र त्याच मजकुरावरून तयार करावं, म्हणजे वही, पत्र आणि बिल या तिन्ही ठिकाणी 4,60,200 हाच आकडा राहतो.