साडेसात कशाचे?

समजा, एका गृहसंकुलाला पंप हवा आहे. तासाला 36 घनमीटर पाणी 36 मीटर हेडवर चढवायचं, असं पुरवठादाराला पाठवायच्या तपशीलपत्रात लिहिलेलं होतं. पुढे दोन मजले वाढले, पाइपांमधलं घर्षणही वाढलं आणि हेड 45 मीटर झालं. घाईत कुणीतरी कॉम्प्युटरवर सगळीकडे 36 च्या जागी 45 घातले. हेड बरोबर झालं, पण डिस्चार्जही नकळत 45 घनमीटर झाला. कागद मात्र अगदी नीटनेटका दिसतो.

अशी चूक नुसतं वाचून सापडत नाही, हिशेब करून सापडते. तासाला 36 घनमीटर म्हणजे सेकंदाला 10 लिटर. त्याला 45 मीटर आणि 9.81 ने गुणून 1000 ने भागलं की पाण्याला लागणारी शक्ती मिळते, सुमारे 4.4 किलोवॅट. पंपाची कार्यक्षमता 60 टक्के धरली तर मोटरवर साधारण 7.4 किलोवॅट भार येतो आणि 7.5 किलोवॅटची मोटर जेमतेम पुरते. डिस्चार्ज 45 धरून हाच हिशेब केला तर भार 9 किलोवॅटच्या वर जातो. कागदावर मोटर 7.5 ची आणि हिशेबात 9 च्या वर, इथेच थांबून मूळ आकडा शोधायचा.

आता एकक. बाजारात 7.5 किलोवॅटची मोटर मिळते, तशीच 7.5 हॉर्सपॉवरचीही. पहिली 10 हॉर्सपॉवरची, दुसरी जेमतेम 5.6 किलोवॅटची. म्हणून "मोटर 7.5" एवढंच लिहिलेलं धोक्याचं. दोन्ही आकडे शेजारी लिहावेत: 7.5 किलोवॅट (10 हॉर्सपॉवर). एक चुकला तर दुसरा लगेच बोलतो.

दशांशचिन्ह झेरॉक्समध्ये सहज पुसट होतं. .5 ऐवजी 0.5 लिहिलं तर टिंब गेलं तरी पुढचं शून्य इशारा देतं. माल जर्मनीतून येणार असेल तर आणखी जपावं, कारण तिथे 1,500 म्हणजे दीड.

तपासायची माझ्या मते सर्वांत भरवशाची पद्धत जुनीच आहे. कागद छापून घ्यायचा. एकाने मूळ हिशेबवहीतून "हेड पंचेचाळीस मीटर" असं एककासकट मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापील आकड्यावर पेन्सिलीने खूण करायची. तोच आकडा नकाशात, परिमाणपत्रकात, जोडपत्रात जिथे जिथे आला असेल तिथे खूण व्हायलाच हवी. त्याहून बरं म्हणजे आकडा एकाच तक्त्यात ठेवून बाकी ठिकाणी "तक्ता 1 पाहा" म्हणणं. मूळ उंचीच चुकीची मोजली असेल तर मात्र हा खटाटोप कामी येत नाही, त्यासाठी जागेवर जाऊन पुन्हा मोजावं लागतं.

कागद पाठवण्याआधी हे सगळं उरकून घ्या. कारखान्यात पंपाची चाचणी होते ती तुमच्याच कागदावरच्या आकड्यांशी ताडून, त्यामुळे चुकीचा मागवलेला पंपही त्या चाचणीत उत्तीर्ण होतो.