एक नमुना, पण कोणत्या कागदावरून?

यू-डायस प्लसवर शाळेची वार्षिक माहिती भरताना ३० सप्टेंबर ही संदर्भतारीख धरतात. २०२१-२२ पर्यंत शाळेला आकडे द्यावे लागत: पाचवीत मुलं किती, मुली किती, त्यांत अनुसूचित जमातीची किती. २०२२-२३ पासून एकेका विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद भरावी लागते. पूर्वी बेरीज जुळली की नावातली, तारखेतली चूक झाकली जाई. आता प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं, प्रवर्ग, मातृभाषा एकेका चौकटीत बसवावी लागते. एक चौकट चुकली, तर फटका एका ठरावीक मुलाला बसतो. म्हणूनच चंद्रपूर-गडचिरोलीतल्या एखाद्या हायस्कुलाच्या किंवा आश्रमशाळेच्या लिपिकाने माहिती भरायला घेण्याआधी मुख्याध्यापकांना पत्र लिहून विद्यार्थी-नोंदीचा एकच नमुना मंजूर करून घेणं रास्त आहे. मात्र त्या पत्रात नुसता सुबक तक्ता मागून भागणार नाही. कोणता रकाना कोणत्या मूळ कागदावरून भरायचा, याचा निर्णय त्यात मागायला हवा.

एक उदाहरण घेऊ. भामरागड तालुक्यातल्या गावाच्या जिल्हा परिषद शाळेतून चौथी पास झालेली मुलगी आश्रमशाळेत पाचवीला येते. तिच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून २०१४ आहे. घरी जन्मलेल्या, जन्मदाखला नसलेल्या मुलांना शाळेत घालताना ही तारीख सर्रास लिहिली जाते. तिच्या आधार कार्डावर १ जानेवारी २०१४ आहे. आडनाव दाखल्यावर देवनागरीत ‘आत्राम’, आधारवर रोमन लिपीत Atram आणि बँकेच्या पासबुकावर Aatram. जमातीच्या रकान्यात दाखला ‘माडिया’ म्हणतो, तर वर्गशिक्षकांच्या यादीत ‘गोंड’ लिहिलेलं. आधीच्या शाळेने तिला पोर्टलवर ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये टाकलेलं असतं. तिथून ओढून घ्यायला तिचा कायम शिक्षण क्रमांक आणि जन्मतारीख लागते. लिपिकाने आधारवरची तारीख टाकली की नोंद सापडत नाही. मग ‘नवीन विद्यार्थी’ म्हणून भरायचा मोह होतो. तसं केलं, तर एकाच मुलीच्या दोन नोंदी होतात आणि आधार पडताळणीत त्या एकमेकींना अडवतात. काहीच केलं नाही, तर रोज वर्गात बसणारी मुलगी कागदावर शाळाबाह्य राहते. आश्रमशाळांत चौथी, सातवी, दहावीनंतर मुलं मोठ्या संख्येने शाळा बदलतात, तेव्हा हा घोळ एका मुलीपुरता राहत नाही. राज्यात संचमान्यता ठरवताना आधार-वैध विद्यार्थीच मोजले जात असल्याने शिक्षकांची पदंही त्यातच अडकतात.

या मुलीची खरी जन्मतारीख कोणती, हे ठरवणं लिपिकाचं काम नाही. तसा अधिकारही त्याला नाही. जनरल रजिस्टरमध्ये एकदा झालेली नाव, जात किंवा जन्मतारखेची नोंद बदलायची असेल, तर पुराव्यानिशी प्रस्ताव करून शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता घ्यावी लागते. म्हणून मंजूर करायच्या नमुन्यात दोन जोड रकाने हवेत. एकात रजिस्टरमधली नोंद अक्षरशः, शुद्धलेखन न सुधारता. शेजारच्या रकान्यात आधारवरची नोंद, तीही जशीच्या तशी. दोन्ही जुळत नसतील, तर तिसऱ्या रकान्यात एकच शब्द: ‘तफावत’. माझ्या मते नमुन्याचा खरा उपयोग याच रकान्यात आहे. कुणाचे कागद जुळत नाहीत, हे सप्टेंबरात पोर्टल लाल अक्षरांत दाखवण्याआधी शाळेला कळतं. ज्यांची आधारवरची तारीख चुकली, त्यांच्या पालकांना आधार केंद्रात पाठवायला वेळ मिळतो.

जमातीच्या रकान्याकडे तर विशेष लक्ष हवं. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत माडिया हा गोंड या नोंदीतच येतो. त्यामुळे शिक्षकाला वाटतं, ‘गोंड’ लिहिलं काय नि ‘माडिया’ लिहिलं काय, प्रवर्ग तोच. पोर्टलच्या बेरजेपुरतं ते खरंही आहे. पण माडिया गोंड ही राज्यातल्या तीन विशेष दुर्बल आदिवासी समूहांपैकी एक. उरलेले दोन कोलाम आणि कातकरी. त्यांच्यासाठीच्या योजना सर्व गोंडांना लागू होत नाहीत. दुसरं असं, की उद्या या मुलीला जातवैधता प्रमाणपत्र लागेल, तेव्हा तपासणी समिती शाळेच्या रजिस्टरचा उतारा मागेल आणि वडिलांच्या, आजोबांच्या नोंदींशी तो ताडून बघेल. शब्द पिढीगणिक बदललेला दिसला, की खुलासे देत बसावं लागतं. खाडाखोड, वेगळी शाई, नंतर जोडलेला शब्द यांनी संशय आणखी वाढतो. म्हणून नमुन्यात ‘प्रवर्ग’ आणि ‘जमात, रजिस्टरप्रमाणे’ असे दोन वेगळे रकाने हवेत. मातृभाषेचंही तसंच. शाळेचं माध्यम मराठी म्हणून सगळ्यांपुढे ‘मराठी’ लिहिलं, तर भामरागडातली माडिया, सिरोंच्यातली तेलुगू, मुलचेऱ्यातली बंगाली बोलणारी मुलं माहितीतून पुसली जातात. हा रकाना पालकांना विचारूनच भरावा.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की पोर्टलने रकाने ठरवून दिलेत, मग शाळेचा वेगळा नमुना कशाला? पोर्टल माहिती मागतं, पण रजिस्टर आणि आधार यांत फरक असेल तर शाळेने काय तपासायचं, ते सांगत नाही. शिवाय आश्रमशाळेला प्रकल्प कार्यालय वेगळी यादी मागतं, शिष्यवृत्तीचा अर्ज वेगळा. प्रत्येक यादी नव्याने टंकली, की प्रत्येक वेळी नवी चूक होते. मंजूर नमुना ही मूळ यादी मानली, तर बाकीच्या याद्या तिच्यातून काढता येतात.

दुसरा आक्षेप कामाच्या बोज्याचा आहे आणि तो खोटा नाही. तीनशे मुलांच्या शाळेत प्रत्येक नोंद ताडायला दहा मिनिटं धरली, तरी पन्नास तास होतात. एकट्या लिपिकाने हे करावं, असं पत्रात असू नये. वर्गशिक्षकाने आपल्या वर्गाचे कागद रजिस्टरशी ताडून सही करावी आणि लिपिकाने एकत्र करावं, ही विभागणी मुख्याध्यापकांच्या लेखी आदेशानेच होऊ शकते. तिसरी शंका मला सर्वांत गंभीर वाटते: मुलांची सगळी माहिती एका फाइलमध्ये आली आणि ती व्हॉट्सअॅपवर फिरू लागली तर? म्हणून नमुन्यात आधारचे शेवटचे चारच अंक असावेत, फाइल कार्यालयाच्या संगणकावर राहावी आणि तिची छापील प्रत कुलपात ठेवावी.

मग पत्राचा गाभा फार तर इतकाच: “महोदय, सोबतचा नमुना यंदाच्या वार्षिक माहितीसाठी मंजूर व्हावा. नाव, जन्मतारीख व जमात जनरल रजिस्टरवरून जशीच्या तशी घेण्यात येईल; आधारवरील नोंद वेगळ्या रकान्यात राहील. तफावत आढळल्यास कार्यालय स्वतःहून दुरुस्ती करणार नाही, आपल्यासमोर यादी ठेवील. नाव, मधले नाव, आईचे नाव व आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत असावीत.” शेवटची मागणी किरकोळ वाटेल, पण १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम शासनाने ठरवला आहे. ही मुलं पहिलीत येतील, तेव्हा नावाचे भाग सुटे असलेला तक्ता नव्या क्रमाने मांडता येईल. एका रकान्यात सलग लिहिलेली नावं मात्र पुन्हा टंकावी लागतील. तारखाही आकड्यांत न लिहिता महिन्याचं नाव लिहून भरायचं ठरवावं, कारण ५/६ हे संगणकावर कधी पाच जून होतं, कधी सहा मे.

हे पत्र जुलैच्या पहिल्या आठवड्यात गेलं, तर जुलैत मंजुरी आणि वर्गवार ताडणी होते. ऑगस्टमध्ये पावसाने वाटा बंद झाल्या, तरी तफावतीची यादी हातात असते आणि पोळ्यानंतर पालकांना एकेक करून बोलावता येतं. पत्र सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलं, तर मंजुरी मिळूनही तपासायला दिवस उरत नाहीत.