पेपर बिघडल्यावर स्वतःशी काय बोलावं?

पेपर अवघड गेला की घरी येईपर्यंत आपणच आपल्याला धारेवर धरतो. ‘एवढंही आलं नाही? तुला काही जमायचंच नाही!’ असं स्वतःला फटकारलं नाही तर आपण सैल पडू, अशी धास्ती असते. ही धास्ती कितपत खरी आहे, हे कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन या मानसशास्त्रज्ञांनी तपासलं. त्यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला.

त्यातल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना इंग्रजी शब्दांची मुद्दाम अवघड चाचणी दिली. बहुतेकांची दांडी उडावी, हाच हेतू. मग एका गटाला सांगितलं, की अशी चाचणी अनेकांना जड जाते. वाईट वाटत असेल तर स्वतःवर फार कठोर होऊ नका. दुसऱ्या गटाला म्हटलं, बर्कलीत प्रवेश मिळाला म्हणजे तुम्ही हुशारच आहात. तिसऱ्याला काहीच सांगितलं नाही. यानंतर पुन्हा एक चाचणी होती, आणि तिच्यासाठी हवा तितका वेळ शब्द वाचायची मुभा होती. कोण किती वेळ वाचतो, ते मोजलं गेलं. सर्वांत जास्त वेळ वाचत बसला तो पहिला गट. हुशारीची शाबासकी मिळालेलेही त्याच्या मागे राहिले.

असं का व्हावं? ‘मी बिनडोक आहे’ म्हटलं की प्रश्न शब्दांचा न राहता आपल्या लायकीचा होतो. चुकीकडे पाहणं म्हणजे त्या निकालावर पुन्हा शिक्कामोर्तब करणं, म्हणून वही बंदच बरी वाटते. ‘तू हुशार आहेस’ या शाबासकीतही लायकीच पणाला लागते. पुन्हा चुकलो तर ती जायची. ‘हे अनेकांना जड जातं’ या वाक्यात मात्र चूक चुकीएवढीच राहते. मग तिच्याकडे पाहायला भीती वाटत नाही.

अमेरिकी संशोधक क्रिस्टिन नेफ यांनी या आत्मकरुणेचे तीन धागे सांगितले आहेत: स्वतःशी मायेनं बोलणं, चुका सगळ्यांच्याच होतात याचं भान, आणि झालेलं दुःख न दडपता, न फुगवता पाहणं. तिसरा धागा सुटला की करुणेची सबब होते. ‘जाऊ दे, पेपरच वाईट होता’ असं म्हणणारा स्वतःवर माया करत नसतो, चूक झाकत असतो.

या प्रयोगाला मर्यादा आहे. त्यात एका बैठकीतली चिकाटी मोजली, वर्षांची नव्हे. तरी त्यातून घरच्या घरी लावता येईल अशी एक कसोटी मिळते. स्वतःची समजूत काढून झाल्यावर चुकलेला प्रश्न पुन्हा सोडवायला घेतलात, तर ती माया होती. वही कपाटात गेली असेल, तर ती सबब होती.