अध्यापनाचे निवेदन आणि हवेतला चेंडू

अमेरिकेतील किंवा कॅनडातील विद्यापीठात अधिव्याख्यात्याच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या उमेदवाराला पदव्यांचे दाखले, शिफारसपत्रे आणि संशोधनाचा आराखडा यांच्या बरोबरीने आणखी एक दस्तऐवज बहुधा सादर करावा लागतो. एक किंवा फार तर दोन पानांच्या त्या मजकुराला तिकडे ‘टीचिंग स्टेटमेंट’ अथवा जरा भारदस्तपणे ‘टीचिंग फिलॉसफी’ म्हणतात. आपल्याकडील काही खाजगी निवासी विद्यापीठेही आता त्याची मागणी करू लागली आहेत. महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयांत मात्र नेट-सेट, शैक्षणिक गुणांची जंत्री आणि मुलाखत एवढ्यावर निवडीचा कारभार चालत आल्यामुळे, तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे उत्तम शिकवत आलेल्या माणसावरसुद्धा आपण कसे शिकवतो हे कागदावर मांडण्याचा प्रसंग सहसा येत नाही. आणि तो प्रथमच येतो तेव्हा, ‘तत्त्वज्ञान’ या शब्दाच्या दबदब्याने म्हणा किंवा दुसऱ्यांचे नमुने चाळल्यामुळे म्हणा, त्याच्या लेखणीतून घोषवाक्ये उतरू लागतात.

ही घोषवाक्ये सर्वांच्या परिचयाची आहेत. ‘माझे अध्यापन विद्यार्थीकेंद्रित आहे’, ‘मी चिकित्सक विचाराला उत्तेजन देतो’, ‘माझ्या वर्गात प्रत्येकाच्या मताला स्थान आहे’. यांतले एकही वाक्य असत्य असेल असे नाही. त्यांचा दोष इतकाच, की त्यांच्या उलट बोलणारा उमेदवार भूतलावर सापडणार नाही. चिकित्सक विचार मला वर्ज्य आहे असे कोणी अर्जात लिहीत नाही, आणि ज्या विधानाच्या विरुद्ध कोणीच बोलत नाही ते विधान शेकडो अर्जदारांतून एकाला निवडण्याच्या कामी निरुपयोगी ठरते. मिशिगन विद्यापीठातील अध्यापन-संशोधन केंद्राने निवड समित्यांच्या अध्यक्षांना या निवेदनांविषयी विचारणा केली होती; चांगल्या निवेदनाची लक्षणे सांगताना त्यांनी प्रत्यक्ष अध्यापनाच्या पुराव्याला अग्रस्थान दिले. प्रत्यक्षात किती जणांना ते साधते हे ज्याचे त्याने आपला मसुदा पुढे ठेवून पाहावे. त्याची एक सोपी कसोटी आहे: आपले नाव व विषय हाताने झाकून तो मसुदा वाचावा, आणि इतिहासाच्या प्राध्यापकाला किंवा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील सहायकाला खाली निर्वेधपणे सही करता येईल असे वाटले, तर तो कागद बाजूला सारून नव्याने आरंभ करावा.

नव्याने आरंभ करायचा तो कोठून, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, तालुक्याच्या ठिकाणी प्रथम वर्ष बी.एस्सी.च्या वर्गाला पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या एका तरुण अध्यापिकेला असा अर्ज करायचा आहे आणि तिच्या पहिल्या मसुद्यात ‘मी विद्यार्थ्यांच्या पूर्वज्ञानाचा आदर करते व त्यांना सक्रियपणे सहभागी करून घेते’ असे वाक्य आहे. या वाक्याच्या बुडाशी काही घडलेले आहे काय, असा प्रश्न तिने स्वतःला विचारला पाहिजे. आणि तिच्या बाबतीत ते घडलेले आहे, फक्त कागदावर आलेले नाही. (पुढील आकडे केवळ नमुन्यादाखल घेतले आहेत.)

घडले होते ते असे. न्यूटनचे नियम शिकवून झाल्यावर तिने साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाला विचारले, की सरळ वर फेकलेला चेंडू हातातून सुटून वर जात असताना, हवेचा विरोध सोडून दिला तर, त्याच्यावर कोणकोणती बले कार्य करतात? पर्याय फळ्यावर लिहिलेले होते आणि उत्तर रंगीत पुठ्ठ्यांचे तुकडे उंचावून द्यायचे होते. फक्त गुरुत्वाकर्षण, हे बरोबर उत्तर चोवीस जणांनी दिले. उरलेल्यांपैकी बहुतेकांच्या मते चेंडूवर वर ढकलणारे एक बल असते व ते हळूहळू संपत जाते. ही समजूत आपल्या तालुक्यापुरती नाही. अमेरिकन विद्यार्थ्यांतही ती मुबलक आढळते हे संशोधकांनी दाखवलेले आहे, आणि 1992 मध्ये हेस्टेनीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी बलाच्या संकल्पनेची जी प्रश्नावली प्रसिद्ध केली तिच्यात अशा समजुतींनाच मुद्दाम पर्याय म्हणून स्थान दिलेले आहे.

अध्यापिकेने उत्तर सांगितले नाही. हार्वर्डचे एरिक माझुर यांनी 1991 च्या सुमारास रूढ केलेल्या पद्धतीप्रमाणे तिने शेजाऱ्याशेजाऱ्यांना वाद घालायला लावला आणि पुन्हा मत घेतले. आता त्रेचाळीस पुठ्ठे बरोबर होते. पुष्कळ निवेदने या टप्प्यावर विजयाची तुतारी फुंकून थांबतात, आणि जाणता वाचक नेमका येथेच साशंक होतो, कारण दुसऱ्या वेळचे मत हे आकलनाचे लक्षण असते तसेच शेजारच्या हुशार मुलाच्या आग्रही स्वराचेही असू शकते. म्हणून तिने पुढच्या आठवड्यात निराळा प्रसंग घेतला. बॅटवरून उडून सीमेकडे निघालेल्या चेंडूवरील बले बाणांनी दाखवा आणि प्रत्येक बाणापुढे ते बल लावणारी वस्तू कोणती ते लिहा, असे सांगून तिने वहीचे कागद गोळा केले. हजर अठ्ठावन्न विद्यार्थ्यांपैकी तेहेतीस जणांचे उत्तर बरोबर निघाले. चुकलेल्या पंचवीसांपैकी एकोणीस जणांनी चेंडूच्या गतीच्या दिशेने बाण काढून त्यापुढे ‘बॅट’ असे लिहिले होते. बॅट मागे खेळपट्टीवर राहिली आहे आणि चेंडू कित्येक यार्ड पुढे हवेत आहे, ही विसंगती त्यांच्याच अक्षरात त्यांच्यासमोर आली. वेग आणि बल यांची त्यांच्या मनात झालेली गल्लत अध्यापिकेने सांगण्यापूर्वी कागदाने सांगितली.

या घटनेचा उत्तरार्ध निवेदनाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. पुढील वर्षी तिने बलांच्या आकृत्या शिकवण्याचा क्रमच बदलला. बाण काढण्यापूर्वी दोन रकान्यांचा तक्ता, एका रकान्यात बल आणि दुसऱ्यात ते लावणारी वस्तू. दुसरा रकाना रिकामा राहिला तर बाण काढायचा नाही. या प्रकाराला अर्धी तासिका जास्त लागते, सबब एक सूत्रसिद्धी तिला वर्गातून काढून घरच्या अभ्यासाकडे सोपवावी लागली, आणि विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत सूत्रसिद्धीच विचारली जात असल्यामुळे काही विद्यार्थ्यांनी कुरकुरही केली. ही किंमत तिने लिहिली पाहिजे. जेथे प्रत्येक सत्रात चार-चार अभ्यासक्रम शिकवावे लागतात अशा अध्यापनप्रधान अमेरिकन महाविद्यालयात हे निवेदन वाचणारा प्राध्यापक मनातल्या मनात हाच हिशेब करत असतो, की साठ कागद दर आठवड्याला तपासणार कोण? ‘सर्व कागदांना गुण न देता मी चुकांचे प्रकार तेवढे मोजते, आणि त्याला साधारण चाळीस मिनिटे लागतात’ असे एक वाक्य त्याचे समाधान करते. अध्यापनावरील निष्ठेचा एक अख्खा परिच्छेद करत नाही.

आता ‘तत्त्वज्ञान’ लिहायचे. ते या घटनेच्या पोटातून निघावे आणि तिच्याहून फार मोठे असू नये: ‘यंत्रशास्त्र शिकवताना, चुकीचे उत्तर पुसण्यापूर्वी त्यामागचा तर्क विद्यार्थ्याच्या हातून कागदावर उतरावा अशी व्यवस्था करणे, हे मी माझे पहिले काम समजते.’ हे वाक्य रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील सहायकाला जसेच्या तसे वापरता येणार नाही, आणि त्याच्याशी मतभेदही संभवतो, कारण आधी योग्य संकल्पना पक्की करावी व चुकांची चर्चा मागाहून करावी असे मानणारे उत्तम शिक्षक आहेत. तत्त्वाशी असहमत होता येते तेव्हाच ते तत्त्व आहे असे मी तरी मानतो. उदाहरण आधी लिहावे आणि सिद्धांताचे वाक्य शेवटी लिहून मग परिच्छेदाच्या आरंभी नेऊन ठेवावे, असा माझा सल्ला आहे. उलट क्रमाने लिहिणाऱ्याला सिद्धांताला शोभेल असे उदाहरण रचण्याचा मोह होतो, आणि रचलेले उदाहरण मुलाखतीत दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच उघडे पडते.

उदाहरणे दोन पुरतात. दुसरे पहिल्याहून भिन्न जातीचे असावे: प्रयोगशाळेतील, प्रकल्पाच्या मार्गदर्शनातील किंवा मूल्यमापनातील. दुर्बळ विद्यार्थ्याला आपण एकहाती तारल्याची कथा मात्र टाळावी. तिच्यात वर्ग दिसत नाही, लेखकच दिसतो. शिवाय गाव आणि वर्ष कळले की तो विद्यार्थी कोण हेही ओळखू येते, आणि त्याची संमती कोणी घेतलेली नसते. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांतील सरासरी गुणांक देण्याची प्रथा सर्रास आहे. पण किती जणांपैकी किती जणांनी अभिप्राय दिला हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला वजन नाही. 2017 मध्ये उटल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्वीच्या अभ्यासांची फेरतपासणी करून असे अभिप्राय आणि विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष शिकणे यांचा संबंध जवळजवळ आढळत नसल्याचे दाखवल्यापासून तर ते आणखी कमी झाले आहे. अभिप्राय द्यायचाच तर एका विशिष्ट तक्रारीमुळे आपण काय बदलले, यासाठी द्यावा.

ज्याने अद्याप स्वतंत्र वर्ग घेतलेला नाही त्याची अडचण खरी आहे, तथापि ती समजली जाते तेवढी मोठी नाही. पीएच.डी. करताना प्रात्यक्षिकांवर देखरेख केली, कनिष्ठ संशोधकाला एखादे उपकरण वापरायला शिकवले, उत्तरपत्रिका तपासताना एकच चूक वारंवार दिसली. यांतले काहीही चालते, फक्त काय दिसले, त्यावर काय केले आणि त्याचा परिणाम झाला की नाही हे कसे ताडले, या तिन्ही गोष्टी त्यात असाव्यात. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या मसुद्यात नसते. तिच्यासाठी स्मरणावर भिस्त न ठेवता जुन्या प्रश्नपत्रिका, हजेरीपट आणि टिपणवह्या काढून बसावे लागते, आणि ज्यांनी ते दप्तर जपलेले नाही त्यांनी या सत्रापासून जपावे: एका घटकाचे गोळा केलेले कागद, त्यावरील चुकांची मोजदाद, आणि पुढच्या वेळी काय बदलायचे याची दोन ओळींची नोंद.

मसुदा पुरा झाला की तो वरिष्ठ प्राध्यापकांना दाखवण्याची रीत आहे, ती ठीकच आहे. त्यांच्या आधी, त्या वर्गात बसलेल्या आणि आता तुमच्याकडून गुणांची अपेक्षा न उरलेल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याला तो वाचायला द्या, आणि ‘सर, असे काही झालेले मला आठवत नाही’ असे तो ज्या वाक्यावर म्हणेल ते वाक्य काढून टाका.