फोटोतली ईसीजी पट्टी : दिसते तेवढेच सांगा

मोबाइलवर ईसीजीचा फोटो येतो, तेव्हा लाटांआधी कागद पाहावा. नेहमीच्या 25 मिलिमीटर वेगाला एक लहान चौकोन म्हणजे 0.04 सेकंद आणि पाच लहान चौकोनांचा मोठा चौकोन 0.2 सेकंद. वेगाचा आकडा फोटोत कापला गेला असेल, तर वेळेविषयी बोलूच नये.

समजा, एका पट्टीत दोन उंच टोकांमध्ये चार मोठे चौकोन आहेत. 300 भागिले 4, म्हणजे मिनिटाला 75 ठोके. प्रत्येक टोकाआधी छोटा गोल उंचवटा, तो पी. त्याच्या सुरुवातीपासून टोकाच्या सुरुवातीपर्यंत चार लहान चौकोन, म्हणजे 0.16 सेकंद. टोक दोन चौकोन रुंद. मागून येणारी टी लाट वर वळलेली. शेवटी रेषा हळूहळू वर सरकते, तेही लिहावे. श्वासाने किंवा सैल इलेक्ट्रोडनेही तसे होते.

फोटो तिरका असेल तर पट्टीने मोजू नका, चौकोनच मोजा. तेही कागदासोबत तिरके होतात. सावलीत पी हरवला, तर ‘पी नाही’ म्हणू नये, ‘पी दिसत नाही’ म्हणावे.

आजाराचे नाव या वर्णनात येत नाही. ते रुग्णाला तपासणारे डॉक्टर ठरवतात. छातीत दुखत असेल तर फोटो पाठवत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.