पैसे भरताना चक्र फिरतच राहतं, तेव्हा

दिवाळीच्या खरेदीत तुम्ही एका ऑनलाइन दुकानातून आकाशकंदील आणि उटण्याची पुडी घेतलीत, 'पैसे भरा' दाबलंत, आणि पडद्यावरचं चक्र फिरतच राहिलं. आपण नेटला दोष देतो. पण अनेकदा नेट ठणठणीत असतं आणि खोळंबा झालेला असतो दुकानाच्या डेटाबेसमध्ये, एका ओळीपाशी.

साठ्याच्या तक्त्यात प्रत्येक वस्तूची एक ओळ असते. शेवटचा कंदील दोघांना विकला जाऊ नये, म्हणून एका ऑर्डरने त्या ओळीतला आकडा बदलला की डेटाबेस ती ओळ लॉक करतो. ती ऑर्डर, म्हणजे तिचं ट्रान्झॅक्शन, पक्कं किंवा रद्द होईपर्यंत लॉक सुटत नाही. त्याच ओळीत बदल करायला आलेले बाकीचे ताटकळतात.

पहिल्या गिऱ्हाइकाने टोपलीत आधी कंदील टाकला, मग उटणं. दुसऱ्याने आधी उटणं, मग कंदील. प्रोग्रॅम त्याच क्रमाने ओळी लॉक करत गेला, तर पहिला कंदील धरून उटण्यासाठी थांबतो आणि दुसरा उटणं धरून कंदिलासाठी. कुणीच हलू शकत नाही. हाच डेडलॉक.

नाव भयंकर असलं, तरी हा आजार त्यातल्या त्यात बरा. मायएसक्यूएलमधलं इनोडीबी हे इंजिन अशी साखळी जवळजवळ लगेच ओळखतं. ज्याने कमी ओळी बदलल्या आहेत, शक्यतो त्याचं ट्रान्झॅक्शन ते पूर्ण मागे घेतं आणि दुसऱ्याला वाट करून देतं. मागे घेतलेल्याला 1213 क्रमांकाची चूक मिळते. प्रोग्रॅमने तीच ऑर्डर पहिल्यापासून पुन्हा चालवली की बहुतेकदा काम होतं, गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. आणि टोपलीतल्या वस्तू आधी क्रमांकानुसार लावून मगच लॉक करत गेलं, तर हा पेच मुळातच पडत नाही. दुसरा माणूस कंदिलापाशीच थांबतो, उटणं अडवून धरत नाही.

मला खरी भीती वाटते ती साध्या, लांबलेल्या प्रतीक्षेची. तिच्यात साखळी नसते, त्यामुळे डेडलॉक शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही. समजा, प्रोग्रॅमने कंदिलाचा आकडा एकाने कमी केला आणि ट्रान्झॅक्शन उघडं ठेवूनच बँकेला पैसे मागितले. बँकेचं उत्तर यायला ८ सेकंद लागले. तेवढा वेळ कंदिलाची ओळ बंद. त्याच क्षणी दहा जण आले असतील, तर दुसऱ्याला ८ सेकंदांनी ओळ मिळेल, तिसऱ्याला १६, सातव्याला ४८. इनोडीबीची मूळ मर्यादा ५० सेकंदांची आहे. म्हणजे आठव्यापासून पुढच्यांच्या वाट्याला 1205: वाट पाहण्याची मुदत संपली.

इथे एक खोच आहे. 1213 मध्ये सगळं ट्रान्झॅक्शन मागे जातं, पण 1205 मध्ये मूळ सेटिंगनुसार फक्त अडलेली शेवटची आज्ञा मागे जाते. आधी धरलेले लॉक तसेच राहतात. प्रोग्रॅमने स्वतः `ROLLBACK` म्हटलं नाही, तर थकून बाजूला झालेला माणूसच पुढच्यांची वाट अडवत राहतो.

कोण कुणाला अडवतंय, हे खोळंबा चालू असतानाच पाहावं लागतं:

```sql
SELECT wait_age, waiting_query,
       blocking_pid, blocking_query
FROM sys.innodb_lock_waits;
```

यात `blocking_query` च्या रकान्यात पुन्हा पुन्हा `NULL` दिसलं, तर तिथेच थांबून विचार करावा. अडवणारा त्या क्षणी डेटाबेसमध्ये काहीच करत नाहीये. लॉक हातात धरून तो बाहेर कुठेतरी, बहुधा बँकेच्या दारात, उभा आहे. अशा वेळी सर्व्हर मोठा घेऊन उपयोग नसतो. काही जण ५० ची मर्यादा वाढवतात, त्याने रांग फक्त लांबते.

उपाय म्हणजे एका लांब ट्रान्झॅक्शनचे दोन छोटे तुकडे करणं. पहिल्यात साठ्यातून एक कंदील कमी करायचा, 'राखून ठेवला, १० मिनिटं' अशी नोंद करायची आणि लगेच `COMMIT`. लॉक काही मिलिसेकंदांत सुटतो. मग कुठलाही लॉक न धरता बँकेशी बोलायचं. उत्तर आलं की दुसऱ्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये ऑर्डर पक्की करायची, नाहीतर कंदील साठ्यात परत टाकायचा.

यात एक नवी जबाबदारी मात्र येते. पैसे अकराव्या मिनिटाला जमा झाले, तर तोवर तो कंदील दुसऱ्या कुणाच्या ऑर्डरमध्ये गेलेला असू शकतो. म्हणून पक्कं करताना प्रोग्रॅमने राखणीची नोंद अजून जिवंत आहे का, हे आधी पाहायचं. नसेल, तर साठ्यातून नव्याने कंदील मागायचा, आणि तोही नसेल तर गिऱ्हाइकाचे पैसे परत पाठवायचे.